जळजळ आत की बाहेर?

काही महिन्यांपूर्वी एका पुरवणीत मधुमेही स्त्रियांसाठी सल्ल्याचं एक पान छापून आलं. माझ्या तीन पेशंटनी त्याचं कात्रण आणून दाखवलं, चौथीने फोटो पाठवला. पानाचं म्हणणं थोडक्यात असं: मधुमेहात लघवीच्या जागी वारंवार जंतुसंसर्ग होतो तो अस्वच्छतेमुळे आणि अंगातल्या उष्णतेमुळे. म्हणून तो भाग औषधी साबणाने दिवसातून तीनदा धुवावा, धने-जिऱ्याचं पाणी आणि शहाळं घ्यावं, लघवीवाटे साखर काढणारी 'ती नवी गोळी' बंद करावी, आणि दर तीन महिन्यांनी लघवी तपासून जंतू निघाले की अँटिबायोटिकचा कोर्स करावा. लिहिणाऱ्याचा हेतू चांगलाच असणार. पण यातला एकही सल्ला आहे तसा पाळण्याजोगा नाही, आणि दोन तर दुखणं वाढवणारे आहेत.

कात्रण आणणाऱ्यांपैकी एक बाई बसवर कंडक्टर आहेत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलून त्यांची हकिगत सांगतो. वय 53, मधुमेह अकरा वर्षांचा, पाळी जाऊन चार वर्षं झालेली. औषधांत मेटफॉर्मिन, ग्लिमेपिराइड आणि आठ महिन्यांपासून डापाग्लिफ्लोझिन, म्हणजे पुरवणीतली 'ती नवी गोळी'. रात्री तळपायांची आग होते म्हणून अॅमिट्रिप्टिलिनची एक गोळी. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी दाखवणारा एचबीएवनसी 9.6. वर्षभरात पाच वेळा 'उन्हाळी लागली' आणि पाचही वेळा अँटिबायोटिक झालं. पिशवीत रिपोर्टांची चळत होती. पुरवणीतलं स्वच्छतेचं वाक्य त्यांना फार लागलं होतं. "डॉक्टर, मी दिवसातून चार वेळा धुते. अजून किती धुवू?" त्या म्हणाल्या. तपासताना दिसलं की त्या खरं सांगत होत्या. कातडी लालभडक, सुजलेली, बारीक चिरा पडलेली. घाण नव्हतीच. धुऊन धुऊन सोललेली कातडी होती ती.

मी त्यांना विचारलं, जळजळ आत होते की बाहेर? पाच कोर्समध्ये हा प्रश्न त्यांना कुणी विचारला नव्हता. त्या थोडं थांबून म्हणाल्या, "लघवी बाहेर आली आणि कातडीला लागली की चरचरतं. खाज तर रात्रभर. पण दोन वेळा वेगळं झालं होतं. तेव्हा ओटीपोटात कळ यायची, सारखं जावंसं वाटायचं, थेंबभर व्हायची आणि आतून आग व्हायची."

त्यांच्या या उत्तरात दोन वेगळे आजार आहेत. बाहेरची खाज, चरचर आणि दह्याच्या कवडीसारखं पांढरं जाणं हे बहुतेक वेळा कँडिडा नावाच्या बुरशीचं काम. आतली आग, सारखी लघवी आणि ओटीपोटातली कळ हे मूत्राशयातल्या जिवाणूंचं, आणि त्यात ई. कोलाय सगळ्यात नेहमीचा. बुरशीला अँटिबायोटिक चालत नाही, जिवाणूला बुरशीचं औषध चालत नाही. मधुमेहात दोन्ही जास्त होतात, पण कारणं निराळी आहेत आणि टाळण्याचे उपायही निराळे. पुरवणीने दोन्हींना मिळून 'जंतुसंसर्ग' असं एकच नाव दिलं, आणि पुढचा सगळा घोटाळा तिथून सुरू झाला.

घोटाळा घडतो तो असा. बाहेर बुरशी असलेली बाई लघवीचा नमुना देते, तेव्हा धारेबरोबर बाहेरच्या पेशी बाटलीत उतरतात. रिपोर्टात 'पस सेल्स 20 ते 25' येतं. शेजारीच 'एपिथेलियल सेल्स भरपूर' असंही लिहिलेलं असतं, म्हणजे कातडीचं मिसळलं आहे असा इशारा असतो, पण ती ओळ कुणी वाचत नाही. पस सेल्स म्हणजे लघवीचं इन्फेक्शन असं ठरतं आणि अँटिबायोटिक सुरू होतं. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे उपकारी जिवाणू असतात. ते तिथली आम्लता राखतात आणि बुरशीला पाय पसरू देत नाहीत. अँटिबायोटिकने मरतात ते हेच. आठ दिवसांत खाज दुप्पट होते, नवा रिपोर्ट निघतो, नवं अँटिबायोटिक येतं. या बाईंच्या पाच कोर्सपैकी तीन मला असे वाटले. त्यातल्या एकात लेव्होफ्लॉक्सासिन होतं. हा औषधगट ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर घेतला तर साखर अचानक कोसळू शकते. त्याच गटातलं गॅटिफ्लॉक्सासिन आपल्याकडे 2011 मध्ये बंद करावं लागलं ते साखर अशी वरखाली होत असे म्हणूनच. बाईंना चालत्या बसमध्ये घाम सुटून डोळ्यांपुढे अंधारी आली होती. पुढच्या थांब्यावर साखर मोजली तर 54. म्हणजे कातडीच्या खाजेवरचा उपचार एवढ्या थराला गेला होता.

आता अस्वच्छतेचा मुद्दा. निरोगी माणसाची दोन्ही मूत्रपिंडं मिळून दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात. त्यात जवळपास तितकेच ग्रॅम साखर असते, आणि ती सगळी रक्तात परत ओढून घेतली जाते. रक्तातली साखर साधारण 180 च्या वर गेली की हे ओढून घेणं अपुरं पडतं आणि उरलेली साखर लघवीत उतरते. डापाग्लिफ्लोझिन आणि एम्पाग्लिफ्लोझिनच्या गोळ्या ही परतीची वाट मुद्दामच अडवतात. त्यामुळे रक्तातली साखर ताब्यात असली तरी दिवसाला 50 ते 80 ग्रॅम साखर लघवीतून जाऊ शकते. साठ ग्रॅम धरली तर ते बारा-पंधरा चमचे झाले. दोन लिटर लघवीत हे प्रमाण तीन टक्के होतं, म्हणजे साधारण शहाळ्याच्या पाण्याइतकी गोडी. उष्णता उतरावी म्हणून शहाळं पिणाऱ्या बाईच्या कातडीला दर लघवीनंतर दुसरं शहाळं लागत असतं म्हणा ना!

कँडिडा बाहेरून येत नाही. कितीतरी निरोगी बायकांच्या अंगावर ती कुणाला त्रास न देता असते. तिला गोड आणि ओलसर जागा मिळाली की वाढते. त्यातच साखर चढलेली असताना पांढऱ्या पेशी जागेवर उशिरा पोचतात आणि जंतू गिळण्याचं त्यांचं कामही मंदावतं. स्वच्छतेने हे बदलत नाही. एक ठळक खूण सांगतो. पाळी गेल्यावर स्त्रीसंप्रेरक कमी होतं आणि बुरशीचा त्रास एरवी दुर्मीळ होतो. म्हणून पासष्टीच्या बाईला संप्रेरकाचं कुठलंही औषध चालू नसताना अशी खाज आली, तर तिला साबण सुचवण्याआधी तिची साखर तपासावी. पुरुषांचंही तेच. शिश्नाच्या टोकाची कातडी लाल होते, चिरते आणि हळूहळू मागे सरकेनाशी होते. कित्येकांचा मधुमेह पहिल्यांदा पकडला जातो तो यावरून. गंमत अशी की पुरुषाला कुणी अस्वच्छ म्हणत नाही. तो दुकानातून 'खाजेची ट्यूब' आणतो. तिच्यात बुरशीचं, जिवाणूंचं औषध आणि वर कडक स्टिरॉइड असं सगळं एकत्र असतं. दोन दिवस थंड वाटतं, कातडी पातळ होत जाते आणि बुरशी खोल रुजते. घरात तीच ट्यूब बायकोही वापरते.

धुण्याला माझा विरोध नाही. लघवीनंतर साध्या पाण्याने धुवावं आणि मऊ सुती कापडाने टिपून कोरडं करावं. या गोळ्या घेणाऱ्या प्रत्येकाने तर हे करावंच, पुरुषांनीसुद्धा, कातडी मागे घेऊन. पण ते कातडीवर राहिलेली साखर काढण्यासाठी. त्याला पाणी पुरतं. औषधी साबण, सुवासिक द्रव, जंतुनाशक टाकलेलं पाणी, तुरटी, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पिचकारीने आतून धुणं, यांनी उपकारी जिवाणू जातात, कातडीचं तेल जातं आणि चिरा पडतात. चिरलेल्या कातडीला लघवी लागली की जळजळतं, आणि जळजळलं की बाई आणखी धुते.

गोळी बंद करा, या सल्ल्यात अर्धं खरं आहे, म्हणून तो जास्त घातक. या गोळ्यांनी जननेंद्रियावरची बुरशी वाढते, हे निर्विवाद आहे. नुसती पीठगोळी घेणाऱ्यांच्या तुलनेत ती तीन ते पाच पट आढळते, आणि बायकांत जास्त. हे गोळी लिहून देतानाच सांगायला हवं होतं. बाईंना कुणी सांगितलं नाही, हा डॉक्टरांचा दोष आहे आणि तो मी पदरात घेतो. पण लघवीच्या, म्हणजे मूत्राशयाच्या संसर्गात मोठ्या चाचण्यांमध्ये म्हणण्यासारखी वाढ दिसलेली नाही. लघवी गोड झाली की आतले जिवाणूही माजतील, हे ऐकायला पटतं, तरी तसं होताना दिसत नाही. गोळीने लघवी जास्त होते आणि मूत्राशय वरचेवर धुतलं जातं, हे त्याचं एक कारण असू शकतं.

मग ठरवायचं कसं? गोळी कशासाठी दिली होती, ते आधी पाहायचं. दुबळ्या हृदयाला आणि लघवीतून प्रथिन जाऊ लागलेल्या मूत्रपिंडांना या गोळ्या जो आधार देतात, तो साखर कमी होण्याच्या पलीकडचा आहे. अशा माणसाने एका खाजेसाठी ती परस्पर टाकून देऊ नये. बहुतेकांना त्रास पहिल्या काही महिन्यांत होतो, साध्या औषधाने बरा होतो आणि पुन्हा येत नाही. उपचार नीट करूनही पुन्हापुन्हा येत असेल तर गोळी बदलावी, त्यात हट्ट नको. मात्र ताप, उलट्या किंवा जेवण तुटलेलं असेल त्या दिवसांत ती थांबवायची आणि डॉक्टरांना कळवायचं. आणि ती चालू असताना लघवीच्या पट्टीवर साखर चार प्लस दिसणारच, तिला घाबरून कुणी इन्सुलिन वाढवू नये.

आता आतली आग. मधुमेहाने तळपायांच्या नसा बधिर होतात, हे सगळ्यांना ठाऊक असतं. तशाच मूत्राशयाच्या नसाही बधिर होतात, हे क्वचितच कुणी सांगतं. मूत्राशय भरल्याची जाणीव उशिरा होते, पिशवी ताणली जाते, पुढे तिचा जोर कमी होतो आणि लघवी करून उठलं तरी आत काही शिल्लक राहते. लघवीची धार हाच जिवाणूंना हुसकण्याचा शरीराचा मुख्य मार्ग आहे. शिल्लक राहिली की ते हुसकणं अर्धवट होतं, आणि पुढच्या वेळेपर्यंत उरलेले जिवाणू दुप्पट-चौपट होत राहतात. शिवाय मधुमेही स्त्रियांच्या मूत्रमार्गातल्या पेशींना ई. कोलाय जास्त घट्ट चिकटतो, असं नेदरलँड्समधल्या संशोधकांना दिसलं आहे.

ही शिल्लक ओळखायला भारी तपासणी लागत नाही. लघवी करून आल्याबरोबर पोटाची सोनोग्राफी करायची. पन्नास मिलिलिटरपर्यंत ठीक, दीडशे-दोनशेच्या वर असेल तर विचार करायचा. बाईंची निघाली 220. पिशवीतल्या सगळ्या रिपोर्टांत ही एक तपासणी नव्हती.

कारणं शोधली तर तीन सापडली, आणि एकही अस्वच्छतेचं नव्हतं. एक, नसा. दुसरं, रात्रीची अॅमिट्रिप्टिलिन. तळपायांच्या आगीवर ती चांगली, पण मूत्राशय ढिलं करते आणि लघवी अडवते. सर्दीच्या काही गोळ्याही हेच करतात. तिसरं कारण त्यांच्या नोकरीत होतं. सकाळी साडेपाचला डेपोतून निघायच्या आणि दुपारी दीडपर्यंत लघवीला जायच्या नाहीत, म्हणून पाणीही प्यायच्या नाहीत. वाटेतल्या स्टँडवर गेल्याच तर संडास असा की टेकायची सोय नाही, मग अर्धवट वाकून उभ्यानेच उरकायचं. अशा अवघडलेल्या अवस्थेत खालचे स्नायू सैल पडत नाहीत आणि मूत्राशय पूर्ण रिकामं होत नाही. मुंबईत 2011 पासून बायकांच्या मुताऱ्यांसाठी 'राइट टू पी' नावाची मोहीम चालली, तिच्याकडे नागरी सोयीचा प्रश्न म्हणून पाहिलं गेलं. माझ्या लेखी तो मूत्रपिंडाचाही प्रश्न आहे. पुरवणीला 'स्वच्छता पाळा' असं कुणाला सांगायचंच असेल तर ते त्या संडासाच्या मालकाला सांगावं.

पाण्याबद्दल धने-जिऱ्यापेक्षा भक्कम पुरावा आहे. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत मूत्राशयाचा संसर्ग वारंवार होणाऱ्या आणि कमी पाणी पिणाऱ्या 140 बायकांपैकी निम्म्यांना रोज दीड लिटर पाणी जास्त प्यायला दिलं. वर्षभरात त्यांचे आजार जवळपास निम्मे झाले. त्या बायका तरुण होत्या आणि मधुमेही नव्हत्या, हे सांगायला हवं. हृदय किंवा मूत्रपिंड दुबळं असेल तर पाणी मोजूनच प्यावं. धने-जिऱ्याच्या पाण्याचा काही गुण असेल तर तो त्यातल्या पाण्याचा. शहाळ्याची साखर मात्र हिशोबात धरावीच लागते.

पुरवणीतला शेवटचा सल्ला, दर तीन महिन्यांनी लघवी तपासून जंतू मारण्याचा, मला सगळ्यात खटकला. मधुमेही स्त्रियांच्या लघवीत काहीही त्रास नसताना जिवाणू सापडणं नेहमीचं आहे. ते मारावेत का, हा प्रश्न कॅनडातल्या मॅनिटोबात नीट तपासला गेला आणि 2002 मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये छापून आला. त्रास नसलेल्या, पण लघवीत जिवाणू असलेल्या शंभरावर मधुमेही बायकांना दोन गटांत विभागून तीन वर्षांपर्यंत पाहिलं. एका गटाला जिवाणू दिसला की अँटिबायोटिक दिलं, दुसऱ्याला नाही. औषधाने जिवाणू जायचे आणि परत यायचे. त्रासदायक संसर्ग दोन्ही गटांत सारखेच झाले, मूत्रपिंडाचा संसर्ग कमी झाला नाही, दवाखान्यात भरती होणंही टळलं नाही. फरक पडला तो एवढाच की उपचार घेणाऱ्या गटाच्या पोटात जवळपास पाचपट दिवस अँटिबायोटिक गेलं. तेव्हापासून जगभरचे तज्ज्ञ सांगत आले आहेत की त्रास नसेल तर मधुमेहात लघवीचं कल्चर करूच नये. अपवाद गरोदरपणाचा, आणि मूत्रमार्गात दुर्बीण घालून ऑपरेशन करायचं असेल त्याचा. सवलतीच्या तपासणी पॅकेजातून निघालेल्या 'ई. कोलाय, एक लाखाच्या वर' या ओळीवर औषध मागायला येणाऱ्यांना मी रिकाम्या हाती परत पाठवतो. काहीजण रागावतात.

खरा त्रास असेल तेव्हा मात्र दिरंगाई नको. आतली आग असेल तर मधली धार नीट धरून कल्चर द्यायचं आणि मग औषध सुरू करायचं. थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं, उलट्या, यांपैकी काही असेल तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. मधुमेहात बधिर नसांमुळे दुखणं कमी जाणवतं, आणि आत मूत्रपिंड सडत असू शकतं. जिवाणू साखर आंबवून मूत्रपिंडातच वायू तयार करतात असा एक भयंकर प्रकार आहे, आणि त्याचे बहुतेक रुग्ण मधुमेहीच असतात. तसंच जांघेत किंवा वृषणाजवळ सूज, असह्य ठणका, काळसर पडलेली कातडी आणि ताप असेल तर ती खाज नव्हे. तिथे काही तासांत शस्त्रक्रिया करावी लागते.

बाईंचं पुढे काय केलं ते सांगतो. साबण बंद. स्रावाचा नमुना बुरशीच्या कल्चरला पाठवला, कारण आपल्याकडच्या मधुमेही बायकांत नेहमीच्या जातीऐवजी ग्लॅब्राटा ही जात बरीच सापडते, आणि ती नेहमीच्या फ्लुकोनाझोलला दाद देत नाही. तिच्यासाठी दिल्लीच्या एम्समध्ये तपासलेला बोरिक अॅसिडच्या योनीमार्गात ठेवायच्या गोळ्यांचा पर्याय आहे. (पोटात गेल्या तर त्या विषारी आहेत.) बाईंची बुरशी साधीच निघाली. पण साखर चढलेली असताना एका गोळीने भागत नाही, म्हणून तीन-तीन दिवसांच्या अंतराने फ्लुकोनाझोलच्या तीन गोळ्या दिल्या. तेवढ्या दिवसांत ग्लिमेपिराइड कमी केली, कारण फ्लुकोनाझोल तिचा जोर वाढवतं. कातडी भरून येईपर्यंत डापाग्लिफ्लोझिन सहा आठवडे थांबवली. नंतर ती पुन्हा सुरू केली, कारण लघवीतून थोडं प्रथिन जाऊ लागलं होतं. अॅमिट्रिप्टिलिन काढून तळपायांसाठी दुसरं औषध दिलं. बुरशी गेल्यावर, पाळी गेल्याने कोरड्या पडलेल्या भागासाठी संप्रेरकाचं मलम आठवड्यातून दोनदा लावायला सांगितलं. त्याने लॅक्टोबॅसिलस परत येतात आणि मूत्राशयाचा संसर्ग कमी होतो. ते बुरशी असतानाच लावलं असतं तर तिलाही बळ मिळालं असतं.

आणि घड्याळ लावायला सांगितलं. जाणीव असो नसो, जागेपणी दर तीन तासांनी जायचं. झाल्यावर लगेच उठायचं नाही. पुढे झुकून दोन मिनिटं बसायचं आणि पुन्हा प्रयत्न करायचा. सहा महिन्यांनी शिल्लक 80 वर आली आणि एचबीएवनसी 7.5 वर. या काळात एकही अँटिबायोटिक लागलं नाही.

परवा त्या आल्या ते औषधासाठी नाही, चिठ्ठीसाठी. सकाळची फेरी नऊच्या सुमारास ज्या गावात पोचते तिथे एका हॉटेलवाल्या मावशींकडे बरा संडास आहे, पण गाडी तिथे दोनच मिनिटं थांबते. ती सात मिनिटं थांबावी, असं आगारात द्यायला त्यांना माझ्या लेटरहेडवर हवं होतं. मी निदान लिहिलं, शिल्लक लघवीचे दोन्ही आकडे लिहिले, खाली सही-शिक्का केला.

"एवढ्याने देतील का हो?" त्यांनी विचारलं.

"नाही दिलं तर दुसरी लिहून देतो," मी म्हणालो.